नाकामागचा गोळा आणि वर्गातलं लक्ष

१८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आम्स्टरडॅमच्या गुये नावाच्या डॉक्टरांचा एक लेख आला. गुये नाक-कान-घशाचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की काही मुलांना धड्यावर लक्ष ठेवताच येत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि याचं मूळ शोधायचं तर डोक्यात नव्हे, नाकात पाहावं. या विकाराला त्यांनी 'अप्रोसेक्सिया' असं भारदस्त ग्रीक नावही दिलं होतं. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात विल्यम हिल या डॉक्टरांनी 'मागं पडणाऱ्या' मुलांविषयी असंच काहीसं लिहिलं. पुढं तेरा वर्षांनी, १९०२ मध्ये, लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता येत नाही आणि एका जागी बसवत नाही, अशा मुलांचं वर्णन त्यांनी केलं. आज ज्याला आपण एडीएचडी म्हणतो त्याचा इतिहास सहसा स्टिल यांच्यापासून सांगतात. गुये मात्र विस्मरणात गेले.

मला यात गंमत वाटते ती ही, की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. वर्गात दोन मुलं शेजारी बसलेली असतात, दोघंही खिडकीबाहेर बघतात, दोघांच्याही वह्या अर्ध्या. एकाचं कारण स्टिल यांनी सांगितलेलं असतं, दुसऱ्याचं गुये यांनी. आणि बाईंच्या टेबलावरून पाहिलं तर दोघांत तसूभर फरक दिसत नाही.

निपाणीजवळच्या एखाद्या गावातला चौथीतला मुलगा डोळ्यांपुढे आणू. हा कुणी एक खरा मुलगा नव्हे. कान-नाक-घशाच्या आणि बालरोगाच्या ओपीडीत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी तो उभा केला आहे. घरी मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी. बाई म्हणतात, "हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघतो. एक काम सांगितलं तर दुसरंच करतो. सारखी चुळबूळ, शेजारच्याला सारखं विचारणं." घरी आई म्हणते, "टीव्हीसमोर बसला की आमच्या हाका त्याला ऐकूच येत नाहीत." आणि आजी, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, ती म्हणते, "रात्री लई घोरतंय बघा पोरगं. तोंड उघडं टाकून झोपतंय."

एडीएचडीची चाचपणी करताना पालकांना आणि शिक्षकांना एकेक प्रश्नावली भरायला देतात. त्यात लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं असतात, चंचलपणाची नऊ. सांगितलेलं पुरं करत नाही, समोरून बोललं तरी ऐकत नसल्यासारखा वाटतो, वस्तू हरवतो, बारीकसारीक चुका करतो. नवांपैकी सहा किंवा जास्त लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ असतील, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असतील आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसत असतील, तर निदानाकडे पाऊल पडतं. आपल्या मुलाचे दोन्ही फॉर्म सहाच्या पुढे सहज जातील. कारण प्रश्नावली 'काय दिसतं' ते विचारते, 'का' ते विचारत नाही. म्हणून निदानाच्या निकषांत शेवटची एक अट असते: दुसऱ्या एखाद्या कारणानं हे अधिक चांगलं समजावता येत नसावं. सगळी मेहनत त्या एका अटीत आहे.

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. नाकाची पोकळी जिथं मागं घशात उतरते, तिथं पडजिभेच्या वर, तोंड उघडून दिसणार नाही अशा जागी, मऊ पेशींचा एक गोळा असतो. त्याला ॲडिनॉइड म्हणतात. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये या गोळ्याचं पहिलं नीट वर्णन केलं. त्या काळी तो बोट घालून चाचपावा लागे. रोगजंतूंशी लढणारी ही चौकी लहान मुलांत मोठी असते आणि वयात येईपर्यंत आपोआप आक्रसते. तीन ते सात या वयात तिच्या आकाराच्या मानानं मागची जागा अरुंद असते. सर्दीपडशानं ती आणखी फुगली, की दोन दारं एकदम अडतात. एक दार नाकातून श्वास घेण्याचं. दुसरं, गोळ्याच्या अगदी बाजूला उघडणारी, मधल्या कानापर्यंत जाणारी बारीक नळी.

ही नळी दिवसभरात गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि मधल्या कानात ताजी हवा सोडते. मोठ्या माणसात ती तिरकी आणि लांब असते, मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. ती बंद राहिली तर आतली हवा शोषली जाते, दाब कमी होतो आणि हळूहळू तिथं पाणी साठतं. दिवस गेले की ते डिंकासारखं घट्ट होतं. दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही. म्हणूनच कुणाला कळत नाही.

मधला कान हे निसर्गाचं एक अचाट यंत्र आहे. आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याच्या पेशी आतल्या कानात द्रवात बुडालेल्या असतात. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्यातली हजारात नऊशे नव्याण्णव भाग ऊर्जा परत फिरेल. ती वाचवण्यासाठी कानाचा पडदा पसरट आहे आणि त्याला जोडलेल्या तीन हाडांपैकी शेवटचं, शरीरातलं सर्वांत लहान हाड, त्याच्या तळाचं क्षेत्रफळ पडद्याच्या सतराव्या हिश्शाएवढं. पडद्यावर पसरलेला दाब त्या चिमुकल्या तळावर एकवटतो आणि हरवू पाहणारा आवाज बराचसा परत मिळतो. पण हे सगळं चालतं ते पडद्यामागं हवा असेल तरच. मागं पाणी आलं, की पडदा आणि हाडं जड होतात आणि वीस ते तीस डेसिबल आवाज हरवतो.

हे नुकसान केवढं, ते बघायचं असेल तर कानाच्या भोकासमोरची छोटी पाळी दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून टीव्हीवरच्या बातम्या ऐका. शब्द येतात, पण विहिरीत बुडी मारलेली असताना काठावरून कुणी बोलावं तसे. टाळी वाजवली तर ऐकू येते, दार आपटलं तर ऐकू येतं. आणि इथंच घरची परीक्षा फसवते. पाठीमागून टाळी वाजवून, पोरगं वळलं म्हणजे कान ठीक, असं आपण ठरवतो. हळूच पुटपुटलेले शब्द, वाक्याच्या शेवटी विरणारी क्रियापदं, स, फ, त, थ असे नाजूक व्यंजनांचे आवाज मात्र गळून पडतात. 'पाट' की 'पाठ', 'केलं' की 'केलंस', हे मुलाला संदर्भानं ताडावं लागतं. निपाणी-खानापुरात पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असताना, बाई फळ्याकडे तोंड करून बोलत असताना ते ताडणं आणखी अवघड होतं. आणि भाषा घरची नसेल, कन्नडचा तास असेल, तर ताडायला हाताशी शब्दच नसतात. मग मूल शेजाऱ्याला विचारतं, इकडं तिकडं बघून बाकीचे काय करतात ते पाहून तसं करतं, थकतं आणि शेवटी चुळबूळ करतं. फॉर्मवर या प्रत्येक गोष्टीला एकेक खूण आहे.

त्यातून हा दोष चढउताराचा. सर्दी ओसरली की दोन आठवडे बरं ऐकू येतं. मग बाई म्हणतात, "बघा, मनात आणलं तर लक्ष देतो." लहरीपणाचा शिक्का बसतो तो असा.

या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र पुढं येतं: टिंपॅनोमीटर. कानाच्या भोकात मऊ रबरी टोक बसवतात. त्यातून एक सलग घुमणारा सूर सोडला जातो, २२६ हर्ट्झचा. शेजारच्या छिद्रातून एक पंप कानातला दाब किंचित वाढवतो, मग कमी करत नेतो. आणि एक मायक्रोफोन पडद्यावरून किती आवाज परत येतो ते मोजतो. पडदा मोकळा असेल, मागं हवा असेल, तर एका ठरावीक दाबाला तो सर्वांत सहज हलतो आणि कागदावर डोंगरासारखं टोक उमटतं. मागं पाणी असेल तर दाब कितीही बदला, पडदा हलत नाही. रेघ सपाट येते. काही सेकंदांत काम होतं. मुलानं बोट वर करायचं नाही, बटण दाबायचं नाही, लक्षसुद्धा द्यायचं नाही. ज्या मुलाची तक्रारच लक्ष नसण्याची आहे, त्याच्यासाठी यापेक्षा न्याय्य परीक्षा कुठली! शब्द ऐकवून केलेली चाचणी मुलाला कळणाऱ्या भाषेतल्या शब्दांनीच करावी लागते. मराठी घरातल्या पोराला कन्नड शब्द ऐकवले तर कान तपासला की भाषा, ते कळणार नाही. या यंत्राला मराठी-कन्नड काहीच लागत नाही.

सपाट रेघ आली म्हणून लगेच पाणीच, असं मात्र नाही. कानात मळ गच्च भरला असला किंवा रबरी टोक भिंतीला टेकलं असलं तरी रेघ सपाट येते. पडद्याला भोक असलं तरीही. म्हणून तंत्रज्ञ कागदावरचा आणखी एक आकडा बघतो, कानाच्या पोकळीचं माप. मळ असेल तर ते फारच लहान येतं, भोक असेल तर फारच मोठं. आपल्या मुलाचं माप नेहमीचं, दोन्ही कानांची रेघ सपाट, आणि ऑडिओमेट्रीत तीस डेसिबलच्या आसपास घट. म्हणजे पाणी.

आता दुसरं अडलेलं दार, श्वासाचं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. मागं आधीच गोळा असेल तर वाट आणखी अरुंद होते, श्वास अडतो, ऑक्सिजन थोडा घसरतो, मेंदू किंचित जागा होऊन वाट मोकळी करतो, परत झोप. मुलाला याची आठवण नसते. मोठ्या माणसात तासाला पाच वेळांपर्यंत असं झालं तर डॉक्टर सहसा चिंता करत नाहीत. मुलात तासाला एकाहून जास्त वेळा झालं तरी ते नेहमीचं नाही असं धरतात. शिवाय मुलांचे हे अडथळे बहुतेक स्वप्नांच्या झोपेत येतात, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात जास्त असते. दहा वाजता पांघरूण घालायला गेलेल्या आईला काही दिसत नाही. पहाटे चारला उठणाऱ्या आजीला दिसतं.

झोप तुटलेला मोठा माणूस कामावर पेंगतो. झोप तुटलेलं लहान मूल मात्र बरेचदा पेंगत नाही, उलट जास्त उड्या मारतं, लवकर चिडतं, हाती घेतलेलं अर्ध्यावर टाकतं. शाळकरी वयात रोज नऊ ते बारा तास झोप लागते. मोबाइल बघत अकराला झोपून सहाच्या बससाठी उठणाऱ्या मुलाची झोप ॲडिनॉइडशिवायही अपुरीच. ते आधी विचारावं. त्याला यंत्र लागत नाही.

कान आणि झोपेखेरीज लक्ष उडवणारी आणखीही कारणं असतात. डोळ्यांचं थोडक्यात सांगतो, पण तिथं एक फसवी जागा आहे. फळा दिसत नसलेलं मूल लवकर सापडतं, कारण ते डोळे बारीक करतं, पुढं जाऊन बसतं. जवळचं पाहायला जास्त जोर लावावा लागणारं मूल, म्हणजे प्लस नंबर असलेलं, भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतं. लहान वयात डोळ्याचं भिंग इतकं लवचिक असतं, की ते नंबर झाकून टाकतं. वही-पुस्तकावर दहा-पंधरा मिनिटं गेली की मात्र डोकं दुखतं, ओळ सुटते, पुस्तक मिटतं. म्हणून मुलाची चष्म्याची तपासणी डोळ्यांत औषध घालून, भिंगाचा जोर तात्पुरता बंद करूनच करावी लागते. तक्ता वाचला, चष्मा नको, एवढ्यावर थांबू नये.

भ्यालेलं मूल ओळखायला सगळ्यांत सोपं साधन म्हणजे घड्याळ. काळजीत असलेल्या मुलाचं लक्ष कमी नसतं, ते दुसरीकडे कामाला लागलेलं असतं. रविवारी रात्री पोट दुखतं, शनिवारी दुखत नाही. एका तासाला घाम फुटतो, बाकीच्या तासांना नाही. आपल्या सीमाभागात तो तास बरेचदा न कळणाऱ्या भाषेतल्या मोठ्यानं वाचनाचा असतो. एडीएचडीची चुळबूळ अशी वेळापत्रक पाहून येत नाही. मन कुठं गेलं होतं, असं विचारलं तर भ्यालेलं मूल अनेकदा नेमकं सांगतं: बाबा रागावतील, आई आजारी आहे, मुलं हसतील. एडीएचडीचं मूल बहुधा खांदे उडवतं. त्यालाही ठाऊक नसतं.

आणखी एक नोंद करून ठेवतो, कारण ती चुकली तर नुकसान मोठं. वाक्याच्या मध्येच मूल पाच-दहा सेकंद गोठतं, नजर स्थिर, हाकेला किंवा स्पर्शाला प्रतिसाद नाही, आणि मग जणू काही झालंच नाही असं वाक्य पुढं सुरू. हे दिवसात अनेकदा होत असेल तर ते दिवास्वप्न नव्हे, अपस्माराचा एक शांत प्रकार असू शकतो. डॉक्टर मुलाला कागदी भिरभिरं सलग तीन मिनिटं फुंकायला लावतात. बहुतेकदा झटका त्यांच्या समोरच येतो.

आपल्या मुलाचं पुढं काय? कानात पाणी सापडलं म्हणून लगेच ऑपरेशन करत नाहीत. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या यांनी ते लवकर जात नाही. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवायचं, बाईंनी त्याच्याकडे तोंड करून बोलायचं, घरात विडी-सिगारेटचा धूर बंद करायचा. धुरामुळं मधल्या कानाचे विकार वाढतात हे पक्कं आहे, आणि निपाणी हे तंबाखूचं गाव. तीन महिन्यांनी पुन्हा रेघ काढायची. आपण धरून चालू की दोन्ही रेघा अजून सपाटच आहेत, घोरणंही तसंच आहे. मग ॲडिनॉइड काढणं आणि पडद्यात ग्रॉमेट नावाची इवलीशी नळी बसवणं हा पर्याय येतो. नळी मधल्या कानाला हवा देते आणि सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडते. ऐकू यायला वेळ लागत नाही. काही मुलं ऑपरेशननंतर घरचे मोठ्यानं बोलतात म्हणून तक्रार करतात.

इथं थांबून सगळं सुटलं म्हणावं, असा मोह मला होतो. पण अमेरिकेत ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गुये यांचं म्हणणं अर्धंच टिकलं. झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढले, निम्म्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांची झोप सुधारली, पालक आणि शिक्षकांना वागण्यातही फरक दिसला. टेबलाशी बसवून मोजलेलं लक्ष मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. आणि नुसतं निरीक्षण केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचा श्वास आपोआप सुरळीत झाला.

म्हणून कान आणि झोप दुरुस्त झाल्यावर काही महिन्यांनी तेच दोन फॉर्म पुन्हा भरायचे. लक्षणं ओसरली असतील तर प्रश्न मिटला. दोन्ही ठिकाणी ती तशीच असतील, आणि बालवाडीपासून, कानाच्या तक्रारीआधीपासून होती असं आई सांगत असेल, तर एडीएचडी खरं आहे. कान सापडला म्हणून ते खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच मुलात नांदतात. मग त्याचे उपचार बिनदिक्कत करावेत. औषधाच्या बाबतीत एक सापळा मात्र टाळावा: आधी गोळी देऊन बघू, गुण आला तर एडीएचडी. १९७८ मध्ये संशोधक ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी पूर्ण निरोगी मुलांना एडीएचडीवर देतात त्या जातीचं औषध दिलं, तेव्हा त्यांचीही चुळबूळ कमी झाली, लक्ष वाढलं. गोळीनं गुण येणं हा पुरावा नाही. कानात पाणी असलेल्या मुलालाही ती थोडी शांत करेल, आणि पाणी तिथंच राहील.

हे सगळं करायला मुंबई गाठावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत येते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या योजनेच्या तीस दोषांच्या यादीत दृष्टिदोष, बहिरेपणा, मधल्या कानाचा विकार आणि एडीएचडी चारही आहेत, पुढची तपासणी मोफत आहे. त्या गाडीतून येणाऱ्या पथकाचा कागद बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतो, तर निपाणीकर सवयीनं कोल्हापूरला जातात, कारण ते जवळ आहे. कुठंही जा, पण दोन गावांत दोन फाइली करू नका. कानाची रेघ, चष्म्याचा कागद आणि बाईंचा फॉर्म एकाच डॉक्टरांच्या टेबलावर एकाच वेळी असू द्या. आणि जायच्या आदल्या रात्री, पहाटे चारला उठून, मुलाच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. आजीला सांगा; ती जागीच असेल.